बावीस वाण आणि न जमणारी मांडणी

समजा, गव्हाचे २२ वाण तपासायचे आहेत. कोणता जास्त उतारा देतो, एवढाच प्रश्न. पण शेत सगळीकडे सारखं नसतं. एका कडेला ओल टिकते, दुसऱ्या कडेला मुरूम वर आलेला असतो, आणि चांगल्या जमिनीत पेरलेला सुमार वाणही भाव खाऊन जातो. म्हणून शेताचे लहान लहान पट्टे पाडतात, एका पट्ट्यातली जमीन एकसारखी मानतात आणि तुलना त्या पट्ट्यापुरतीच करतात. अडचण अशी की एकसारखी जमीन म्हटली की पट्टा लहानच हवा. त्यात सातच वाफे बसतात. बावीस वाण एका पट्ट्यात मावत नाहीत.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात फ्रँक येट्स यांनी १९३६ मध्ये यावर एक तोडगा मांडला. प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण नसले तरी चालतील, पण कोणतेही दोन वाण घ्या, ते एकाच पट्ट्यात शेजारी म्हणून ठरावीक आणि समान वेळा आले पाहिजेत. मग कुठल्याच जोडीवर अन्याय होत नाही. या रचनेला संख्याशास्त्रात संतुलित अपूर्ण गट मांडणी म्हणतात. नाव जडजंबाल आहे, मागणी मात्र साधी.

आपल्या बावीस वाणांसाठी ठरवू, की प्रत्येक जोडी बरोबर दोनदा एकत्र यावी. आता हिशेब करू. पहिल्या वाणाचे २१ सोबती, प्रत्येकाशी दोन भेटी, म्हणजे ४२ भेटी. एका पट्ट्यात त्याला सहा सोबती मिळतात, म्हणून तो सात पट्ट्यांत हवा. हेच बाकीच्या प्रत्येक वाणाचं. बावीस वाण प्रत्येकी सात वेळा म्हणजे १५४ वाफे, आणि एका पट्ट्यात सात वाफे, म्हणजे २२ पट्टे. कुठे अपूर्णांक नाही, बाकी उरत नाही. कागदावर सगळं चोख बसतं.

मग मांडायला घ्यायचं. बावीसातून सात निवडण्याचे १,७०,५४४ मार्ग आहेत, त्यातले २२ उचलायचे. अठरा-एकोणीस पट्ट्यांपर्यंत गाडी नीट आली तरी पुढे कुठेतरी एखादी जोडी तिसऱ्यांदा एकत्र येते, किंवा एखादी एकदाच भेटून राहते. मागे जाऊन दुरुस्त करावं, तर दुसरीकडे बिघडतं. अशा वेळी माणसाला स्वतःच्या चिकाटीचा संशय येतो. खरं म्हणजे ही मांडणी अस्तित्वातच नाही. कुणाला सापडली नाही असं नव्हे, कुणाला कधी सापडणारच नाही. आणि हे दाखवायला त्या लाखो मार्गांपैकी एकही तपासावा लागत नाही.

हा पुरावा देणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे: शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ सालचा, सागरचा. नागपूरला शिक्षण आणि अध्यापन, पुढे अमेरिकेत चॅपल हिल इथे राजचंद्र बोस यांच्याकडे संशोधन, आणि नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची प्रमुखपदाची धुरा. १९५० मध्ये त्यांनी अशा काही मांडण्या अशक्य असल्याचं सिद्ध केलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये शुट्झेनबर्गर आणि अमेरिकेत चौला व रायझर हेही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. सगळ्यांच्या हाती आलेलं हत्यार एकच होतं: कर्णावर एक संख्या आणि बाकी सगळीकडे दुसरी एकच संख्या असलेलं मॅट्रिक्स.

ते मॅट्रिक्स येतं कुठून, हे लहान उदाहरणात आधी पाहू. सात वाण, सात पट्टे, पट्ट्यात तीन वाफे, आणि प्रत्येक जोडी एकदाच एकत्र. ही मांडणी जमते:

१-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३.

कोणतेही दोन आकडे निवडा आणि ते किती पट्ट्यांत एकत्र आहेत ते मोजा; एकच पट्टा सापडेल. आता याचा तक्ता करू. प्रत्येक वाणाला एक ओळ, प्रत्येक पट्ट्याला एक रकाना. वाण त्या पट्ट्यात असेल तर १, नसेल तर ०. पहिला वाण पहिल्या, पाचव्या आणि सातव्या पट्ट्यात आहे, म्हणून त्याची ओळ १ ० ० ० १ ० १. दुसरा वाण पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्यात, म्हणून त्याची ओळ १ १ ० ० ० १ ०.

या दोन ओळी एकीखाली एक ठेवा, वरखालचे आकडे गुणा आणि बेरीज करा. दोन्हीकडे १ असेल तिथेच गुणाकार १ येतो, म्हणून ती बेरीज सांगते की हे दोन वाण किती पट्ट्यांत एकत्र आहेत. इथे उत्तर १. तीच ओळ स्वतःशीच गुणली तर उत्तर ३, कारण वाण तीन पट्ट्यांत आहे. अशा सगळ्या ओळी सगळ्या ओळींशी गुणून उत्तरं एका चौकोनात लिहिली की सात बाय सातचं मॅट्रिक्स तयार होतं. त्याच्या कर्णावर सगळीकडे ३ आणि कर्णाबाहेर सगळीकडे १. संतुलित मांडणी म्हणजे दुसरं काही नाही. या चौकोनात दोनच आकडे दिसणं हीच तिची खूण. बावीस वाणांची मांडणी असती, तर तिच्या चौकोनात कर्णावर ७ आणि इतरत्र २ दिसले असते.

आता शेत जरा बाजूला ठेवू आणि हा चौकोन काय करतो ते बघू. कर्णावर a, बाकी सगळीकडे b, आणि आकार n बाय n. मॅट्रिक्स हे एक यंत्र आहे: n संख्यांची यादी आत घातली की n संख्यांची नवी यादी बाहेर येते. आपल्या यंत्रात यादीतली एखादी संख्या x घेतली, तर तिच्या जागी येते a गुणिले x, अधिक b गुणिले बाकीच्या सगळ्यांची बेरीज. बाकीच्यांची बेरीज म्हणजे पूर्ण यादीची बेरीज वजा x. म्हणून नवी संख्या अशी लिहिता येते:

(a − b) × x + b × (पूर्ण यादीची बेरीज)

या एका ओळीत सगळं आलं. प्रत्येक संख्येला (a − b) ने गुणायचं आणि सगळ्यांना सारखीच एक रक्कम मिळवायची. एवढंच हे यंत्र करतं.

काही याद्या अशा असतात की यंत्रातून जाताना त्यांचं रूप बदलत नाही, फक्त त्या ठरावीक पटीत मोठ्या किंवा लहान होतात. त्या पटीला आयगेन मूल्य म्हणतात. आपल्या यंत्रासाठी अशा याद्या शोधायला काहीच सोडवावं लागत नाही. जिची बेरीज शून्य आहे अशी कोणतीही यादी घ्या. मिळवायची रक्कम शून्य होते आणि प्रत्येक संख्या नुसती (a − b) पट होते. म्हणून a − b हे आयगेन मूल्य. दुसरीकडे, सगळ्या संख्या सारख्याच असलेली यादी घ्या, समजा सगळे १. बेरीज n, म्हणून प्रत्येक जागी येतं (a − b) + nb, म्हणजे a + (n − १)b. हे दुसरं आयगेन मूल्य.

तिसरं नाही. कारण कोणतीही यादी या दोन प्रकारांत फोडता येते: प्रत्येक जागी सरासरी ठेवली की झाला एक भाग, आणि सरासरीपासूनचे फरक हा दुसरा, ज्यांची बेरीज नेहमीच शून्य. सरासरीचा भाग एकाच संख्येने ठरतो. फरकांचा भाग ठरवायला मात्र n − १ संख्या हाताने निवडाव्या लागतात, शेवटची आपोआप ठरते. म्हणून a − b हे मूल्य n − १ वेळा मोजायचं आणि a + (n − १)b एकदा.

निश्चयक आपल्याकडे दहावीतच भेटतो, क्रेमरच्या पद्धतीत दोन बाय दोनचा. तिथे तो तिरक्या गुणाकारांचा एक हिशेब वाटतो. खरं तर तो एक पटच आहे: यंत्र क्षेत्रफळ किंवा आकारमान किती पट करतं ते तो सांगतो, आणि ती पट म्हणजे सगळ्या आयगेन मूल्यांचा गुणाकार. म्हणून आपल्या चौकोनाचा निश्चयक तयारच आहे: (a − b) हे n − १ वेळा गुणायचं आणि त्याला a + (n − १)b ने गुणायचं. कर्णावर ५ आणि इतरत्र २ असा तीन बाय तीनचा चौकोन घ्या. मूल्यं ३, ३ आणि ९, गुणाकार ८१. नेहमीच्या पद्धतीने सोडवलात तर १०५ − १२ − १२, म्हणजे ८१ च.

ज्यांना आयगेन मूल्यांचा आडरस्ता नको, त्यांच्यासाठी परीक्षेतली जुनी युक्ती आहेच. सगळ्या ओळी पहिल्या ओळीत मिळवा. तिथे सगळीकडे a + (n − १)b येतं, ते बाहेर काढा. उरलेल्या सगळ्या एकच्या ओळीला b ने गुणून बाकीच्या ओळींतून वजा करा. कर्णावर a − b आणि इतरत्र शून्य उरतं. उत्तर तेच. ही युक्ती उत्तर देते, पण उत्तर तसंच का, हे सांगत नाही. मला पहिला रस्ता म्हणूनच जास्त पटतो.

आता परत शेताकडे. सात वाणांच्या चौकोनात कर्णावर ३, इतरत्र १. आयगेन मूल्यं: २ सहा वेळा आणि ९ एकदा. दोनचा सहावा घात ६४, त्याला ९ ने गुणलं की ५७६. हा चौकोन आपण शून्य-एकच्या तक्त्यावरून बनवला होता. तो तक्ता आणि त्याच्याच ओळी-रकाने अदलाबदल केलेलं रूप यांचा तो गुणाकार आहे. अदलाबदलीने निश्चयक बदलत नाही, आणि गुणाकाराचा निश्चयक म्हणजे निश्चयकांचा गुणाकार. म्हणून चौकोनाचा निश्चयक हा तक्त्याच्या निश्चयकाचा वर्ग असला पाहिजे. ५७६ हा २४ चा वर्ग आहे. जमलं.

इथेच बावीसची मेख आहे. तिथे कर्णावर ७, इतरत्र २. आयगेन मूल्यं ५, एकवीस वेळा. आणि ७ + २१ × २, म्हणजे ४९, एकदा. निश्चयक झाला ४९ गुणिले पाचचा एकविसावा घात. शून्य-एकच्या तक्त्याचा निश्चयक कसाही काढला तरी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारच करावे लागतात, म्हणून तो पूर्णांक असतो. त्याचा वर्ग वरच्या संख्येएवढा हवा. ४९ हा वर्ग आहे, पण पाच एकवीस वेळा गुणला आहे, आणि एकवीस विषम. पाचांच्या दहा जोड्या लागतात आणि एक पाच एकटा उरतो. वर्गमूळ पंधरा कोटी अठ्ठावीस लाखांच्या आसपास येतं, पण पूर्णांक येत नाही. म्हणजे असा तक्ता नाही, म्हणजे अशी मांडणी नाही. सगळे हिशेब चोख बसूनही नाही.

नियम म्हणून सांगायचं तर वाण आणि पट्टे समान संख्येने असतील आणि ती संख्या सम असेल, तर कर्णावरचा आकडा वजा बाहेरचा आकडा पूर्ण वर्ग असायलाच हवा. १६ वाण, पट्ट्यात सहा, जोडी दोनदा: ६ वजा २ म्हणजे ४, वर्ग आहे, आणि ही मांडणी खरोखर अस्तित्वात आहे. बावीसला ७ वजा २ म्हणजे ५. खेळ खलास.

याच निश्चयकाने बोस यांनी १९४९ मध्ये आणखी एक गोष्ट दोन-चार ओळींत उरकली होती. रोनाल्ड फिशर यांनी १९४० मध्ये दाखवलं होतं की संतुलित मांडणीत पट्ट्यांची संख्या वाणांपेक्षा कमी असू शकत नाही. बोस यांचं म्हणणं असं: पट्टे कमी असतील तर तक्ता आडवा अरुंद होतो, आणि त्यापासून बनलेल्या चौकोनाचा निश्चयक शून्य होतोच. पण आपल्या सूत्राने तो शून्य होत नाही, कारण कर्णावरचा आकडा बाहेरच्यापेक्षा मोठा आहे आणि दोन्ही धन आहेत. एकाच चौकोनाबद्दल दोन विधानं एकमेकांना खोटी पाडतात. म्हणून पट्टे कमी असणं शक्य नाही. शेतीच्या भाषेत, पट्टे वाचवून संतुलन मिळत नाही.

आयगेन मूल्यं फक्त अशक्यता दाखवायला उपयोगी पडतात असंही नाही. पीक कापल्यावर पट्ट्यांचा परिणाम वजा करून वाणांची तुलना करताना जो चौकोन हाती येतो, तोही याच जातीचा असतो. सात वाणांच्या प्रयोगात त्याच्या कर्णावर २ आणि इतरत्र उणे एक-तृतीयांश. सरासरीच्या यादीचं मूल्य २ वजा सहा-तृतीयांश, म्हणजे शून्य. हा शून्य प्रामाणिक आहे: सगळ्या वाणांचा उतारा सारख्याच प्रमाणात वाढला, तर तो वाणांमुळे की जमिनीमुळे, हे या प्रयोगातून कळूच शकत नाही. फरकांच्या सगळ्या याद्यांचं मूल्य मात्र एकच, सात-तृतीयांश. म्हणजे कोणत्याही दोन वाणांतला फरक सारख्याच अचूकतेने मोजला जातो. सगळे वाण एकाच मोठ्या, एकसारख्या पट्ट्यात मावले असते तर हे मूल्य ३ आलं असतं. सात-तृतीयांश भागिले तीन म्हणजे सात-नवमांश. लहान पट्ट्यांची किंमत म्हणून साधारण बावीस टक्के माहिती गेली. जमिनीतला फरक मोठा असेल तर हा सौदा फायद्याचाच.

हत्यार धारदार आहे, पण एका ठिकाणी ते बोथट पडतं. वाणांची संख्या विषम असली की घात सम होतो, आणि सम घात नेहमीच वर्ग असतो. मग निश्चयक गप्प बसतो. ४३ वाण, पट्ट्यात सात, जोडी एकदा: फरक ६, वर्ग नाही, पण घात ४२, म्हणून सूत्राला काही आक्षेप नाही. तरीही ती मांडणी नाही. तिथे अधिक खोल अंकगणित लागतं, जे ब्रक आणि रायझर यांनी १९४९ मध्ये दिलं. १११ वाण, पट्ट्यात अकरा, जोडी एकदा: इथे तर ते अंकगणितही गप्प. १९८९ मध्ये कॅनडातल्या क्लेमंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महासंगणकाने सगळ्या शक्यता चाळून ती मांडणी नसल्याचं जाहीर केलं. आणि उलट बाजूने, आकडा पूर्ण वर्ग आला म्हणजे मांडणी मिळालीच, असं समजायचं कारण नाही. सूत्र फक्त नकार देऊ शकतं.

नकार देण्याच्या बाबतीत श्रीखंडे एकेरी नव्हते, हे जाता जाता सांगायला हवं. अठराव्या शतकात ऑयलरने काही लॅटिन चौरसांच्या जोड्या अशक्य ठरवल्या होत्या. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये तो अंदाज चुकीचा असल्याचं दाखवलं. ऑयलर अशक्य म्हणत होता त्यातल्या दोनच्या आणि सहाच्या चौरसांच्या जोड्या तेवढ्या खरोखर नाहीत, दहापासून पुढच्या सगळ्या जमतात.

बावीस वाणांच्या माणसाने मग काय करावं? जोडी दोनदाच हवी हा हट्ट सोडावा. काही जोड्या एकदा, काही दोनदा अशा अंशतः संतुलित मांडण्या बोस आणि नायर यांनी १९३९ मध्येच तयार केल्या होत्या. त्यात चौकोनात दोनाऐवजी तीन आकडे येतात आणि हिशेब थोडा लांबतो, पण प्रयोग होतो. किंवा सहा वाण गाळून सोळावर यावं.

वाचकांना हात चालवून बघायचा असेल तर दोन उदाहरणं देतो. दोन्हींत प्रत्येक जोडी दोनदा यायला हवी, आणि वाणांइतकेच पट्टे. एक: ४६ वाण, पट्ट्यात दहा. दोन: ५६ वाण, पट्ट्यात अकरा. साधे हिशेब दोन्हीकडे चोख बसतात, ते आधी पडताळून घ्या. मग कर्णावरच्या आकड्यातून २ वजा करा. यातली एक मांडणी गणितज्ञांनी प्रत्यक्ष बांधली आहे, दुसरी कुणालाही बांधता येणार नाही.